आवडीचे अंडे अचानक नावडते का होते?

*"माझा मुलगा २ वर्षे ४ महिन्यांचा आहे. दीड वर्षापर्यंत तो भोपळा, गाजर, पालक, मासे, डाळ असे सगळे आवडीने खायचा. आता मोजून सहा गोष्टी खातो: दूध, पांढरा भात, दही, केळे, टोस्ट आणि एकाच प्रकारची बिस्किटे. उकडलेले अंडे तर आठ महिने रोज सकाळी खायचा. गेल्या महिन्यात एके दिवशी ताटली ढकलली आणि तेव्हापासून अंडे नुसते दिसले तरी ओरडतो. बिस्किटाचा तुकडा पडला की ते बिस्किट चालत नाही. वाटाणे त्याच्या ताटलीत वाढले की फेकतो, पण बाबांच्या ताटातून वेचून खातो. उपाशी राहू नये म्हणून दिवसा तीन आणि रात्री झोपेत एक अशा दुधाच्या २०० मिलीच्या चार बाटल्या देते. जेवण मोबाईल दाखवत तास-दीड तास चालते. दुसऱ्या वाढदिवसाला वजन ११.६ किलो होते, आता १२.३ आहे. डॉक्टर म्हणतात, ठीक आहे. मला ठीक वाटत नाही. आमचे काय चुकले?"*
*– एक आई*

सप्रेम नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही वजनाचे दोन आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण उत्तराची सुरुवात तिथूनच करता येते. चार महिन्यांत ७०० ग्रॅम वाढ ही या वयाला साजेशी वाढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यानुसार मुलाचे मध्यम वजन जन्मवेळी ३.३ किलो, पहिल्या वाढदिवसाला ९.६ किलो आणि दुसऱ्या वाढदिवसाला १२.२ किलो असते. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोंहून अधिक भर पडते आणि दुसऱ्या वर्षात सुमारे अडीच किलोंची. उंचीचेही तसेच आहे. पहिल्या वर्षात मूल सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्यात सुमारे १२. वाढीचा वेग असा निम्म्याहून खाली आल्यावर शरीराच्या आकाराच्या मानाने भूकही कमी होणारच. दहाव्या महिन्यात वाटीभर मऊ भोपळा संपवणारे बाळ भोपळ्यावर जितके खूश होते, तितकेच ते भुकेलेलेही होते. आपण त्या भुकेला आवड समजलो आणि आता ती भूक ओसरल्यावर आवड गेली असे समजतो आहोत.

शिवाय या वयाची भूक सपाट नसते. मुलांच्या खाण्यावर संशोधन करणाऱ्या लीॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचे खाणे सहा दिवस मोजले. एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत एकाच मुलाच्या उष्मांकांत सुमारे ३४ टक्क्यांची चढउतार होती, पण पूर्ण दिवसाची बेरीज घेतली तर ती चढउतार सुमारे १० टक्क्यांवर आली. सकाळी चिमणीएवढे खाल्लेल्या मुलाने संध्याकाळी भरून काढले होते. आपण मात्र प्रत्येक जेवणाला स्वतंत्र परीक्षा मानतो आणि दुपारी तो नापास झाला की चारच्या सुमारास बाटली पुढे करतो. त्या बाटलीकडे मी नंतर येते. आधी अंडे आणि बिस्किट.

बिस्किटाचा तुकडा पडला की ते चालत नाही, हे एक वाक्य माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आहे. वर्षाच्या आतले बाळ अन्न ओळखते ते मुख्यतः भरवणाऱ्या हातावरून. हात ओळखीचा असला की चमच्यात काय आहे याची ते फारशी चौकशी करत नाही. दीड वर्षाच्या आसपास मूल पायाने हिंडू लागते, दिसेल ते उचलून तोंडात घालू शकते, आणि नेमक्या त्याच सुमारास त्याच्यात अनोळखी अन्नाविषयी एक सावधपणा जागा होतो. हिंडणाऱ्या मुलाला विषारी पानाफळांपासून वाचवणारी ही जुनी सोय असावी, असे मानले जाते. आहारशास्त्रात तिला नव्या अन्नाची भीती म्हणतात. दोन ते सहा या वयात ती सर्वाधिक असते आणि पुढे हळूहळू ओसरते. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून असेही दिसले आहे की ही भीती कोणात किती असेल याचा मोठा वाटा आनुवंशिक असतो. एकाच घरात, एकाच हातचे खाणारी दोन भावंडे या बाबतीत दोन टोकांची निघतात ती त्यामुळेच. तेव्हा "आमचे काय चुकले" या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की सुरुवात तुमच्या चुकीने झालेली नाही.

आता यातली गंमत अशी की ही भीती चवीची नसून नजरेची असते. मूल चाखून नकार देत नाही, पाहून नकार देते. त्याच्या डोक्यात प्रत्येक पदार्थाचे एक चित्र असते आणि समोरची वस्तू त्या चित्राशी तंतोतंत जुळली तरच ती ओळखीची ठरते. तुमच्या मुलाच्या लेखी बिस्किट म्हणजे एक अखंड गोल आहे. कडेचा तुकडा पडला की ती वेगळीच वस्तू झाली, आणि वेगळी वस्तू म्हणजे अनोळखी वस्तू. मोठ्यांना हा निव्वळ हट्ट वाटतो. पण तुमच्या नेहमीच्या पाण्याच्या ग्लासात एके दिवशी हलका निळसर रंग दिसला, तर चव तीच आहे असे कुणी शपथेवर सांगितले तरी तुमचा हात क्षणभर थांबेल. त्याचा हात रोजच असा थांबतो आहे.

भोपळा, गाजर, पालक हे पदार्थ आधी का गेले आणि बिस्किट, टोस्ट, पांढरा भात का टिकले, याचा उलगडा इथेच होतो. भाजी प्रत्येक वेळी निराळी दिसते: आज गडद, उद्या फिकट, कधी तुकडे मोठे, कधी कडेला एखादा काळसर डाग. बिस्किट मात्र आज जसे तसेच उद्या. उरलेल्या सहा पदार्थांकडे पाहा. जवळपास सगळे पांढरे किंवा फिकट आहेत, चवीला सौम्य आहेत आणि दर वेळी सारखेच दिसणारे आहेत. त्याला पौष्टिक अन्नाचा तिटकारा आलेला नाही. त्याला खात्री हवी आहे, आणि ज्यांची खात्री देता येते असे पदार्थ त्याने निवडले आहेत.

अंड्याची गोष्ट निराळी आहे. तिथे अनोळखीपणा नव्हता, उलट ओळख फार झाली होती. आठ महिने रोज सकाळी तेच, त्याच रूपात. एखाद्या पदार्थावर मूल असे जडते तेव्हा आई-वडिलांना हायसे वाटते आणि ते तोच पदार्थ रोज देऊ लागतात; मग एक दिवस मुलाचे मन त्यावरून पुरते उडते. मोठ्या माणसालाही एकच भाजी सलग पंधरा दिवस वाढली तर नकोशी होते, पण आपल्याकडे बदली म्हणून शंभर पदार्थ असतात आणि महिन्याभराने आपण त्या भाजीकडे परतही येतो. ज्याच्या यादीत सातच पदार्थ आहेत त्याचा एक गेला की सहा उरतात. आणि त्या सहांवर आता आधीपेक्षा जास्त भार पडतो: अंड्याच्या जागी टोस्ट रोज येतो, मग कालांतराने टोस्टचीही पाळी येते. नवे पदार्थ भीतीमुळे आत येत नाहीत आणि जुने कंटाळ्यामुळे बाहेर पडतात. यादी आखडत जाते ती या दोन्ही दारांमुळे, आणि आपण सगळी शक्ती लावतो ती पहिल्या दारावर. नवे काही खाऊ घालण्याआधी जे उरले आहे ते राखणे अधिक निकडीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राखायचे म्हणजे काय, तर कोणताही एक पदार्थ सलग दोन दिवस अगदी त्याच रूपात द्यायचा नाही. तो मागत असला तरी नाही. आज टोस्ट लांब पट्ट्यांत कापलेला, उद्या टोस्ट नाही, परवा त्रिकोणी. केळे एकदा सालासकट हातात, एकदा चकत्या करून. भात एकदा वाटीत, एकदा ताटलीत चपटा पसरून. बिस्किटे दुसऱ्या आकाराची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदल इतका लहान ठेवायचा की तो त्याच्या लक्षात यावा, पण खटकू नये. भात पांढरा, वाटी मात्र निळी, इतकेही पहिल्यांदा पुरते. यातून त्याच्या डोक्यातले चित्र थोडे सैल होते: टोस्ट लांबही असतो आणि त्रिकोणीही असतो, हे त्याला पटते. ज्या दिवशी मोडलेले बिस्किट त्याने नाक न मुरडता खाल्ले, त्या दिवशी काम सुरू झाले असे समजा.

याच कारणाने दह्यात अंडे कुस्करून लपवणे किंवा भातात पालक बारीक वाटून घालणे या युक्त्या या वयात महागात पडतात. कुणीतरी तुम्हाला हे सुचवलेच असेल. लपवलेला पदार्थ सापडला, आणि तो सापडतोच, की अंडे तर परत येत नाहीच, वर दह्यावरचाही विश्वास उडतो. अशा प्रयोगातून शेवटचा भरवशाचा पदार्थ गमावलेली मुले मी बरीच पाहिली आहेत.

वाटाण्यांविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मला त्यावर थोडे थांबायचे आहे. तेच वाटाणे, तीच वेळ, तेच मूल. बाबांच्या ताटात ते खाण्याजोगे आहेत आणि स्वतःच्या ताटलीत नाहीत, याचा अर्थ अडचण वाटाण्यांत नाही. बाबांच्या ताटातून एक वाटाणा उचलताना त्याच्यावर कुणाची नजर नसते, किती खायचे याचा हिशेब नसतो, नको वाटला तर सोडून देता येतो. शिवाय बाबा तेच खात आहेत, म्हणजे ते खाण्यायोग्य आहे याची साक्ष समोर बसलेली असते. त्याच्या ताटलीत मात्र वाटाण्यांबरोबर "खा बरं, एकच घास, बघ किती छान" हेही वाढलेले असते. शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात मला नेहमी आठवतो. मुलांना दोन प्रकारची सूप दिली गेली. एका सुपाच्या वेळी मोठी माणसे "सूप संपवा" असे मधूनमधून सांगत, दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलत नसत. आग्रह न केलेले सूप मुलांनी जास्त प्यायले, आणि आग्रह केलेल्या सुपाविषयी नाराजीचे उद्गारही कितीतरी जास्त काढले. तो आग्रह साधा, सौम्य होता, धाकदपटशा नव्हता.

बक्षिसाचेही तसेच. "गाजर खाल्लेस तर बिस्किट" या सौद्यातून मूल एवढेच शिकते की गाजर ही सोसायची गोष्ट आहे आणि बिस्किट ही मिळवायची. मोबाईलचा प्रकार त्याहून वेगळा आहे: पडद्यावर नजर असताना घास आत जातो, पण तो काय होता हे मुलाने पाहिलेले नसते. ज्या मुलाची अडचण नजरेतून ओळख पटण्याची आहे, त्याच्या नजरेपासूनच अन्न दूर ठेवल्यावर ओळख व्हायची कशी?

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेली कामाची वाटणी जगभर वापरली जाते आणि मीही तीच सांगते. काय वाढायचे, कधी वाढायचे आणि कुठे बसून खायचे, हे मोठ्यांनी ठरवायचे. त्यातले खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवायचे. वाटणी वाचायला सोपी आहे. पाळताना मात्र आपल्याकडून दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो: आपण त्याचे काम करतो, म्हणजे किती खायचे ते ठरवतो, आणि आपले काम त्याच्यावर सोडतो, म्हणजे "मग काय खातोस, सांग" असे विचारून त्याच्या हाती स्वयंपाकघर देतो. हा प्रश्न त्याच्या कानी पडणे आता बंद व्हायला हवे.

आता दूध. चार बाटल्यांचे ८०० मिली होतात. शंभर मिली साध्या दुधात ६० ते ६५ उष्मांक धरले, तर दुधातूनच त्याला ५०० च्या आसपास उष्मांक मिळतात, आणि या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण हजाराच्या घरात असते. निम्मे पोट चावण्याआधीच भरलेले आहे. उरलेल्या निम्म्या भुकेत केळे, भात आणि बिस्किटे सहज मावतात. अनोळखी गाजराचे धाडस करायला भूकच शिल्लक राहत नाही.

दुधाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. या वयात दिवसाला साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागते आणि ८०० मिली दुधातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. उलट दुधातले कॅल्शियम आणि प्रथिने इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. त्याच्या यादीतल्या बाकीच्या पाच पदार्थांतही लोह फारसे नाही. मासे, डाळ, पालक तर गेलेच. लोह कमी पडले की मुलाची भूक मंदावते, ते किरकिरे होते, आणि भूक मंदावली की घरचे दूध वाढवतात. वजन ठीक असूनही हे चक्र आत चालू असू शकते, कारण दुधाने वजन राहते. म्हणून "वजन ठीक आहे" हे डॉक्टरांचे म्हणणे बरोबर असले, तरी तुमची शंकाही रास्त आहे. पुढच्या भेटीत दुधाचे प्रमाण आणि पदार्थांची यादी त्यांना सांगा आणि हिमोग्लोबिन व शरीरातला लोहसाठा दाखवणारे फेरिटिन या तपासण्यांविषयी विचारा. लोह कमी निघाले तर औषध तेच ठरवतील. आपल्या मनाने थेंब सुरू करू नका, लोहाचा जास्त डोस मुलांना घातक असतो.

दूध ४०० ते ५०० मिलीपर्यंत आणायचे आहे, पण एका दिवसात नाही. झोपेतली बाटली पहिली काढायची, कारण तिने सकाळची भूकही जाते आणि रात्रभर दातांवर दूध राहून ते किडतात. २०० मिलीऐवजी दोन रात्री १७० मिली, मग दोन रात्री १४०, असे ३०-३० मिलीने उतरत गेलात की दोन आठवड्यांत ती संपते. त्यानंतर दुपारची एक. उरलेले दोन पेले बाटलीतून न देता कपातून द्यायचे, आणि जेवणाआधी न देता जेवणाबरोबर किंवा नंतर. दही तो खातोच, तेव्हा कॅल्शियमची चिंता करू नका. दोन-तीन दिवस कुरकुर वाढेल. त्या दिवसांत बाटलीची जागा रसाने किंवा जास्तीच्या बिस्किटांनी भरली, तर सगळा खटाटोप वाया जाईल.

दिवसाचे वेळापत्रक त्याच वेळी बसवा. तीन जेवणे आणि दोन मधली खाणी, दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचे अंतर, आणि त्या अंतरात फक्त पाणी. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवायचे, खाल्ले असो वा नसो. प्रत्येक वेळी ताटलीत त्याच्या यादीतला एक तरी पदार्थ असलाच पाहिजे, म्हणजे उपाशी ठेवल्याचा प्रश्नच उरत नाही. त्याच्या शेजारी घरात सगळ्यांसाठी केलेले काहीतरी अगदी थोडे. थोडे म्हणजे किती? वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा, असा एक ढोबळ हिशेब आहे, म्हणजे ओळखीच्या पदार्थाचे दोन चमचे. अनोळखी किंवा सोडलेल्या पदार्थाचा मात्र नखाएवढा तुकडाच. ताटलीभर गाजर पाहून जे मूल ओरडते, ते एका तुकड्याकडे दुर्लक्ष करते, आणि दुर्लक्ष ही पहिली पायरी आहे.

तुमच्या अंड्याचे उदाहरण घेऊन सांगते. पहिले तीन आठवडे त्याला अंडे द्यायचेच नाही, विषयही काढायचा नाही. चौथ्या आठवड्यात तुम्ही दोघे जेवताना स्वतःच्या ताटात अंडे घ्या, पण उकडलेले नको. पातळ ऑम्लेट करून त्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापा. हे नवे रूप जुन्या चित्राशी जुळत नाही, आणि इथे तेच हवे आहे, कारण जुन्या चित्रावर कंटाळा आणि ओरडा दोन्ही चिकटलेले आहेत. त्याला देऊ करू नका. वाटाण्यांसारखी त्याने हात घालून पट्टी उचलली तर उचलू द्या आणि आपसांतल्या गप्पा चालू ठेवा. टाळ्या वाजवल्यात तर तीही नजरच झाली. आठवड्यातून दोनदा असे झाले की पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक पट्टी त्याच्या ताटलीच्या कडेला, टोस्टपासून थोडी दूर ठेवा. तो ती हाताने चेपेल, हुंगेल, जमिनीवर टाकेल, कधी जिभेला लावून थुंकेल. हे सगळे खाण्याच्या वाटेवरचेच टप्पे आहेत. नवा पदार्थ आवडू लागण्यासाठी साधारण आठ ते पंधरा वेळा त्याची चव घ्यावी लागते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि थुंकलेला घासही त्यात मोजता येतो. नुसते पाहून ओळख वाढते, पण आवड चाखल्यानेच वाढते. बहुतेक घरांत पदार्थ तीन-चार वेळा नाकारला गेला की "याला आवडत नाही" असा शिक्का बसतो आणि तो पुन्हा वाढला जात नाही. म्हणजे मोजणी ऐन मध्यावर थांबते. दहाव्या प्रयत्नात अंडे परत आले तर ते लगेच रोज देऊ नका, इतके मात्र लक्षात ठेवा.

गाजर परत आणताना ते मऊ शिजवूनच द्या. कच्च्या गाजराचे कठीण तुकडे, अख्खी द्राक्षे आणि शेंगदाण्यासारखे दाणे या वयात घशात अडकू शकतात.

घरात आजी-आजोबा असतील आणि ते मागून एखादा घास भरवत असतील, तर त्यांना वाटणीची तत्त्वे समजावत बसू नका. एक ठरावीक काम द्या. मधल्या खाण्याच्या वेळी त्याच्याबरोबर बसून स्वतःही तेच खाणे, हे काम त्यांच्याइतके चांगले कुणी करत नाही.

या सगळ्याला अपवाद असणारी मुले असतात, आणि ती ओळखता यायला हवीत. त्यासाठी एक यादी करा: गेल्या महिन्यात त्याने एकदा तरी गिळलेला प्रत्येक पदार्थ, पाहुण्यांकडचा, बाबांच्या ताटातला, वेगळ्या आकाराचा, सगळा धरून. तुम्ही सहा म्हणालात, पण वाटाणे त्या सहांत नव्हते. असे आणखी पाच-सात निघतील असा माझा अंदाज आहे. यादी दहा-पंधराच्या पुढे गेली आणि सोडलेले पदार्थ काही आठवड्यांनी परत येत असतील, तर हे वयाचे वळण आहे. पण यादी खरोखर दहाच्या आतच राहिली, गेलेला एकही पदार्थ दोन-तीन महिन्यांत परतला नाही, चावून खायचा कोणताही घट्ट पदार्थ त्याला जमतच नसेल, घास घेताना ठसका लागत असेल किंवा ओकारी येत असेल, वजन दोन-तीन महिने अडले असेल, तर घरच्या प्रयोगांवर थांबू नका. खाण्याबरोबरच बोलणे उशिरा येत असेल, नावाने हाक मारल्यावर तो पाहत नसेल, किंवा कपडे, आवाज, चिकट हात यांचाही त्याला असाच त्रास होत असेल, तर तेही डॉक्टरांना त्याच भेटीत सांगा. अशा वेळी बालविकासतज्ज्ञ आणि मुलांच्या खाण्यावर काम करणारे थेरपिस्ट यांची मदत लागते. २०१३ पासून मानसरोगांच्या वर्गीकरणात तीव्र स्वरूपाच्या या टाळाटाळीला स्वतंत्र नावही मिळाले आहे, म्हणजे तो कुणाच्या लाडाचा परिणाम मानला जात नाही.

शेवटचे दोन साधे प्रश्न, जे डॉक्टरही विचारतील. त्याला शौचाला कडक होते का, किंवा दोन-तीन दिवस होत नाही का? जास्त दूध आणि कमी भाजी घेणाऱ्या मुलांत हे फार आढळते, आणि बद्धकोष्ठ असलेले मूल जेवत नाही. आणि मागच्या दाढा येत आहेत का? दुसऱ्या दाढा साधारण २३ ते ३३ महिन्यांच्या दरम्यान येतात. अंड्याचा नकार नेमका त्या आठवड्यात सुरू झाला असेल, तर माझ्या वरच्या हिशेबातले तीन आठवडे कदाचित लागणारही नाहीत.